थंबनेलचे दोन नमुने जोडून पाठवायचा पहिला मेल

प्रश्न: मी थंबनेल डिझाइन करते. सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ करणाऱ्या एका छोट्या यूट्यूब चॅनेलला कामाबद्दल मेल पाठवायचा आहे, सोबत दोन नमुने जोडणार आहे. याआधी काही चॅनेलना माझ्या जुन्या कामातली सर्वांत चांगली दोन थंबनेल पाठवली होती, पण कुणाचंच उत्तर आलं नाही. मेलमध्ये काय लिहू आणि नमुने कसे असावेत?

उत्तर:

जुन्या कामातली चित्रं या वेळी बाजूला ठेवा. दोन्ही नमुने त्यांच्याच चॅनेलवरच्या व्हिडिओचे करा, आणि दोन वेगवेगळ्या व्हिडिओंचे नको, एकाच व्हिडिओचे करा. मेलमधला मजकूर त्यानंतर जवळजवळ आपोआप सुचतो, म्हणून आधी नमुन्यांबद्दल सविस्तर लिहितो.

दुसऱ्या कुणासाठी केलेलं थंबनेल पाहिलं की समोरच्याला एकच प्रश्न पडतो: हे माझ्या व्हिडिओला कसं दिसेल? त्याचं उत्तर त्याने स्वतः कल्पना करून शोधायचं, ही अपेक्षा अनोळखी मेलकडून फार मोठी आहे. दोन वेगळ्या व्हिडिओंचे नमुने पाठवले तर तो 'छान आहेत' म्हणतो आणि मेल बंद करतो. एकाच व्हिडिओची दोन थंबनेल शेजारी दिसली की मात्र तो तुलना करायला लागतो. 'पहिलं बरं आहे, पण माझी सायकल ओळखू येत नाही' असं काहीतरी त्याच्या मनात येतं. ते लिहून पाठवावंसं वाटलं की तुमचं बोलणं सुरू झालं.

दुसरं कारण तांत्रिक आहे. यूट्यूब स्टुडिओमध्ये एका व्हिडिओसाठी थंबनेलची चाचणी लावता येते आणि त्यात जास्तीत जास्त तीन चित्रं घालता येतात. यूट्यूब ती वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवून निकाल देतं. चॅनेलचं सध्याचं एक आणि तुमची दोन, बरोबर तीन होतात. म्हणजे तुमचं मत खरं की त्यांचं, हे वाद न घालता त्यांच्याच प्रेक्षकांकडून समजू शकतं.

आता व्हिडिओ कुठला निवडायचा? चॅनेलवरचा सर्वांत गाजलेला निवडू नका. जे चांगलं चाललंय त्याला हात लावायची कुणाचीही तयारी नसते, आणि ते योग्यच आहे. अगदी पडलेलाही नको, कारण कदाचित विषयालाच मागणी नसेल. मी असा व्हिडिओ शोधतो ज्याला पाहणारे कमी आहेत पण त्या मानाने कमेंट बऱ्याच आहेत आणि त्या कमेंटमध्ये लोक स्वतःची अडचण लिहून पुढचे प्रश्न विचारत आहेत. याचा अर्थ जे आत आले ते टिकले, पण दारापर्यंतच थोडे आले. थंबनेलचा उपयोग नेमका तिथे होतो.

हा अंदाजच आहे, हे लक्षात ठेवा. बाहेरून तुम्हाला फक्त पाहणाऱ्यांचा आकडा, तारीख आणि कमेंट दिसतात. थंबनेल किती जणांसमोर आलं आणि त्यातल्या किती जणांनी क्लिक केलं, हे फक्त चॅनेलवाल्याला दिसतं. म्हणून 'तुमचा क्लिकचा दर कमी आहे' असं वाक्य मेलमध्ये लिहिलंत तर तो स्टुडिओ उघडून पाहील, आणि आकडा तसा नसला तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरही विश्वास ठेवणार नाही.

तुमच्या चॅनेलचं उदाहरण घेऊन पुढे जाऊ. समजा त्यांचा 'गिअर बदलताना चेन का उतरते?' असा चौदा मिनिटांचा व्हिडिओ आहे. तो पूर्ण पाहा, आणि पाहताना कागदावर वेळा लिहा. समजा सहाव्या मिनिटाला ते सायकलच्या मागे बसून दाखवतात की चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो तो हँगर आत वाकलाय. अशा वेळी सर्वांत हलक्या गिअरवर डिरेलर गरजेपेक्षा आत जातो आणि चेन स्पोकच्या बाजूला उतरते. नवव्या मिनिटाला ते सांगतात की हँगर वाकडा असताना डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे मर्यादेचे स्क्रू फिरवत बसू नका, आधी तो सरळ करा. व्हिडिओचा जीव या दोन जागी आहे.

आता सध्याचं थंबनेल पाहा. ते मोठ्या आकारात असं उघडता येतं (`VIDEO_ID` च्या जागी व्हिडिओच्या पत्त्यातला `v=` नंतरचा भाग घाला):

```
https://i.ytimg.com/vi/VIDEO_ID/maxresdefault.jpg
```

छोट्या चॅनेलवर बहुतेक वेळा जे दिसतं तेच इथेही आहे असं धरू: भिंतीला टेकवलेली पूर्ण सायकल, वर व्हिडिओचं अख्खं शीर्षक पुन्हा लिहिलेलं, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो. शीर्षक थंबनेलच्या खाली तसंही दिसतं, त्यामुळे तीच वाक्यं दोनदा वाचली जातात. लोगोवर व्हिडिओच्या लांबीचा काळा चौकोन बसतो, म्हणून तो दिसतच नाही. आणि पूर्ण सायकल दाखवली की बिघाड नेमका कुठे आहे ते मोबाइलवर कळत नाही. हे तिन्ही दोष तुम्हाला दिसले तरी मेलमध्ये त्यांची यादी देऊ नका. त्या माणसाने ते थंबनेल रात्री उशिरा, एडिटिंग संपवून स्वतःच्या हाताने केलेलं असतं.

पहिला नमुना त्यांच्या पद्धतीच्या जवळ ठेवा. व्हिडिओ सर्वांत वरच्या दर्जावर लावा, सहाव्या मिनिटाजवळ थांबवा आणि `,` व `.` या कळांनी एकेक फ्रेम मागेपुढे करा. हात हलत असतो त्या फ्रेमा धूसर निघतात. ते बोलता बोलता क्षणभर थांबतात, तिथली फ्रेम घ्या. मागून दिसणारा वाकडा डिरेलर चौकटीच्या निम्म्याहून जास्त भागात येईल इतकं जवळ कापा. चाकाच्या दातेरी चकत्यांच्या सरळ रेषेत एक बारीक उभी रेघ ओढा, म्हणजे डिरेलर त्या रेघेपासून किती कलला आहे ते एका नजरेत कळतं. मजकूर घालू नका. प्रश्न शीर्षक विचारतंय आणि चित्र उत्तराकडे बोट दाखवतंय, एवढं पुरे.

दुसऱ्या नमुन्यात कल्पनाच वेगळी हवी. फक्त रंग किंवा अक्षरं बदललीत तर चाचणीतही फरक दिसत नाही आणि समोरच्यालाही निवडायला काही उरत नाही. नवव्या मिनिटाची फ्रेम घ्या: स्क्रूवर टेकलेला स्क्रूड्रायव्हर आणि त्यांचा हात. त्यावर तीन शब्द: 'स्क्रू फिरवू नका'. जो माणूस आठवडाभर स्क्रू फिरवून कंटाळलाय, तो इथे थांबेल. मात्र हे शब्द चालतात ते फक्त व्हिडिओत ते खरंच सांगितलंय म्हणून. हँगर ठीक असेल तर स्क्रूच जुळवावे लागतात, असंही त्यांनी पुढे सांगितलं असेल आणि व्हिडिओचा मोठा भाग त्यावर असेल, तर ही ओळ खोटी ठरते आणि बदलावी लागते. व्हिडिओ पूर्ण पाहायला सांगितलं ते यासाठीच.

मराठी अक्षरांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथेच बरेच नमुने फसतात. 'स्क्रू'मध्ये स, क, र आणि खालचा दीर्घ उकार एकाच ठिकाणी येतात. फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिपींसाठीची मांडणी निवडलेली नसेल तर जोडाक्षर फुटतं आणि पाय मोडलेला स वेगळा दिसतो. दुसरं म्हणजे, आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे एका ओळीला उंची जास्त लागते, म्हणून त्याच जागेत रोमन अक्षरांपेक्षा आपली अक्षरं लहान पडतात. त्यावर उपाय म्हणून सर्वांत जाड वजन निवडलं की 'क' आणि 'फ' यांच्या आतली पोकळी भरून जाते आणि लहान आकारात काळा ठिपका उरतो. मुक्ता किंवा बलू यांसारख्या मुक्त परवान्याच्या फॉन्टमध्ये अनेक वजनं मिळतात. त्यातलं एक पायरी कमी जाड वजन घ्या आणि शब्द कमी करा.

दोन्ही चित्रं १२८० बाय ७२० पिक्सेलवर तयार करा. मग प्रत्येकाची प्रत सुमारे १६० पिक्सेल रुंद करून पाहा. यूट्यूबवर व्हिडिओच्या शेजारी सुचवलेल्या यादीत थंबनेल साधारण याच मापाचं दिसतं. त्या मापात रेघ नाहीशी होत असेल तर ती जाड करा, शब्द वाचता येत नसेल तर एक शब्द काढा. उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवा, आणि अगदी खालच्या कडेलाही महत्त्वाचं काही नको, कारण अर्धवट पाहिलेल्या व्हिडिओवर तिथे लाल पट्टी येते. चॅनेलवाल्याचा चेहरा घेतलात तर त्याचे डोळे मोठे करणं, तोंड उघडं करणं असं काही करू नका. स्वतःचा बदललेला चेहरा अनोळखी माणसाच्या मेलमध्ये पाहून कुणालाही बरं वाटत नाही.

आता मेल. मी असा लिहीन:

विषय: 'गिअर बदलताना चेन का उतरते?' या व्हिडिओसाठी दोन थंबनेल

नमस्कार,

तुमचा 'गिअर बदलताना चेन का उतरते?' हा व्हिडिओ पूर्ण पाहिला. हँगर वाकलाय हे सायकलच्या मागे बसून कसं ओळखायचं, ते तुम्ही सहाव्या मिनिटाला दाखवलंय. तो भाग थंबनेलवर यावा असं वाटलं, म्हणून दोन थंबनेल करून सोबत जोडली आहेत. पहिल्यात फक्त वाकलेला डिरेलर आहे, मजकूर नाही. दुसऱ्यात तुमचा हात, स्क्रू आणि तीन शब्द आहेत. दोन्ही चित्रं तुमच्याच व्हिडिओतल्या फ्रेमवरून केली आहेत.

यातलं कुठलंही तुम्ही वापरू शकता. त्याचे पैसे नाहीत आणि माझं नाव द्यायचीही गरज नाही. तुमच्या स्टुडिओत थंबनेलची चाचणी लावता येत असेल तर सध्याचं आणि ही दोन मिळून तिन्ही लावून पाहता येतील.

थंबनेल करणं हा माझा व्यवसाय आहे. पुढच्या एखाद्या व्हिडिओसाठी हवं असेल तर सांगा, दर कळवते. नसेल तरी या दोनपैकी तुम्हाला कुठलं योग्य वाटलं एवढं कळवलंत तर आवडेल.

(नाव, आणि तुमचं काम पाहता येईल असा एक पत्ता)

यात काय नाही ते पाहा. तुमचा अनुभव नाही, चॅनेलची भरभरून स्तुती नाही, सध्याच्या थंबनेलवर टीका नाही आणि आकड्यांचं आश्वासनही नाही. आश्वासनाबद्दल मी फार आग्रही आहे. यूट्यूबच्याच मदतपानावर म्हटलंय की निम्म्या चॅनेल आणि व्हिडिओंचा क्लिकचा दर २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. एवढ्या मोठ्या पट्ट्यात एखादा व्हिडिओ कुठे आहे हेही माहीत नसताना 'दुप्पट करून देते' म्हणणं म्हणजे थाप. शिवाय जुना व्हिडिओ यूट्यूब फारसा कुणाला दाखवतच नसेल, तर उत्तम थंबनेलनेही आकडा हलत नाही.

'दर कळवते' हे वाक्य मात्र काढू नका. फुकट मदत वाटावी असा मेल पाठवून दुसऱ्या मेलमध्ये पैशांचा विषय काढला की समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि फुकटची मर्यादा या दोन चित्रांपाशीच ठेवा. 'अजून एका व्हिडिओचं करून दाखवा, मग ठरवू' असं उत्तर आलं, तर ते तिसरं थंबनेल पैसे घेऊनच करा. मेल पाठवण्याआधी चॅनेलचा आकारही पाहून घ्या. जाहिरातींच्या कमाईसाठी यूट्यूबला १००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४००० तासांचं पाहणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). त्याच्या अलीकडे असलेला माणूस बहुतेक खिशातून पैसे घालत असतो, त्यामुळे त्याला महिन्याच्या पॅकेजऐवजी एकेका थंबनेलचा दर सांगणं बरं.

जोडलेल्या फाइलबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण उत्तर न येण्यामागे हे मोठं कारण असू शकतं. अनोळखी माणसाकडून सहकार्याचा मेल आणि सोबत फाइल, हाच यूट्यूबवाल्यांचे चॅनेल पळवण्याचा ठरलेला मार्ग आहे. गुगलच्या थ्रेट अ‍ॅनालिसिस ग्रुपने ऑक्टोबर २०२१ मध्ये अशाच मोहिमेची सविस्तर माहिती दिली होती: कामाचा खोटा प्रस्ताव, मग डाउनलोड करायला लावलेली फाइल, ती उघडली की ब्राउझरमधल्या कुकी चोरीला, आणि पासवर्ड माहीत नसतानाही चॅनेल दुसऱ्याच्या ताब्यात. ज्यांनी हे ऐकलंय ते काहीही उघडत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.

म्हणून दोन साध्या जेपीजी फाइल थेट मेलला जोडा. झिप नको, ड्राइव्हची लिंक नको, लेयरवाली मूळ फाइल नको. जीमेलमध्ये जेपीजीची छोटी झलक मेलच्या खालीच दिसते, डाउनलोड करावं लागत नाही. फाइलची नावंही अशी द्या की आत काय आहे ते कळावं, `chain-thumbnail-1.jpg` आणि `chain-thumbnail-2.jpg`. चित्रावर स्वतःचा वॉटरमार्क टाकू नका. वापरा म्हणून दिलेलं चित्र वापरता येईल असंच असलं पाहिजे.

मेलचा पत्ता बहुतेक वेळा चॅनेलच्या माहितीच्या भागात मिळतो. तो पाहायला लॉगिन करून पडताळणी करावी लागते. तिथे पत्ता नसेल तर लोक इन्स्टाग्रामकडे वळतात, पण तुम्हाला फॉलो न करणाऱ्याला पहिला संदेश विनंती म्हणून जातो आणि त्यात फक्त मजकूर पाठवता येतो, चित्रं नाही. तिथे दोनच ओळी लिहा: कुठल्या व्हिडिओसाठी दोन थंबनेल केली आहेत, आणि ती कुठल्या मेलवर पाठवू. वरचा अख्खा मेल तिथे चिकटवू नका, कारण चित्रांशिवाय तो वाचायचं काहीच कारण उरत नाही.

पाठवल्यावर साधारण आठवडाभर थांबा. मग त्याच मेलखाली एकदाच एका ओळीची आठवण करा. तिसऱ्यांदा लिहू नका. काही दिवसांनी चॅनेलवर तुमचं थंबनेल लागलेलं दिसलं आणि उत्तर मात्र आलंच नाही, असंही होतं. वापरायची परवानगी तुम्हीच दिली होती, त्यामुळे तक्रार करू नका. उलट पुढच्या आठवणीसाठी याहून चांगलं निमित्त नाही: 'पहिलं थंबनेल लावलेलं पाहिलं, आनंद झाला. पुढच्या व्हिडिओचं हवं असेल तर सांगा.'

आणि 'चाचणी लावून पाहतो' असं उत्तर आलं, तर त्यांना आधीच तीन गोष्टी सांगून ठेवा. चाचणी संगणकावरच्या स्टुडिओतून लावायची असते आणि त्यासाठी खात्यात प्रगत सुविधा सुरू असाव्या लागतात. निकाल क्लिकवर ठरत नाही, कुठल्या थंबनेलमुळे लोकांनी जास्त वेळ व्हिडिओ पाहिला यावर ठरतो. म्हणून 'स्क्रू फिरवू नका' पाहून पुष्कळ लोक आले आणि लगेच गेले, तर ते हरेल. आणि छोट्या चॅनेलवर प्रेक्षक कमी असल्यामुळे दोन आठवडे थांबूनही 'स्पष्ट फरक नाही' असा निकाल येणं अगदी शक्य आहे. हे तुम्ही आधी सांगितलं असेल तर तसा निकाल आल्यावर ते तुम्हाला अपयशी धरणार नाहीत. तसा निकाल आला तर त्यांना विचारा की पुढचा व्हिडिओ कधी शूट करणार आहेत, आणि शूट करताना बिघाडाच्या जागेचे दोन-चार स्थिर फोटो वेगळे काढून ठेवायला सांगा. व्हिडिओतून उचललेल्या फ्रेमपेक्षा त्यावर केलेलं थंबनेल कितीतरी स्वच्छ निघतं.